मदत हवी आहे: एक्सरेत मुडदूस, पण व्हिटॅमिन डी नॉर्मल? (मुलगा बावीस महिने)

चिकूची_आई
नमस्कार, आम्ही वाकडला राहतो. चिकू दीड वर्षाचा झाल्यावर चालायला लागला आणि तेव्हापासून पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसतात, सगळे म्हणाले होईल सरळ. पण मनगटं पण जाड झालीत, मनगट्या काढताना आता तळहाताला नाही तर हाडाच्या गाठीला अडकतात. वरचं दूध फारसं घेत नाही, अजून अंगावर पितो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी न तपासता आधी डीची साठ हजारची पावडर आठवड्यातून एकदा अशी काही आठवडे दिली, मग मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी मनगट आणि गुडघ्याचा एक्सरे आणि रक्त सांगितलं. एक्सरेच्या रिपोर्टमध्ये ग्रोथ प्लेट रुंद, रेडियस आणि अल्नाच्या टोकाला कपिंग आणि फ्रेइंग, गुडघ्याला पण तसंच, रिकेट्स असं लिहिलंय. रक्तात डी ३१, कॅल्शियम ८.९, फॉस्फरस २.९, अल्कलाईन फॉस्फटेज ८९०. लॅबने फक्त शेवटच्याला लाल खूण केलीये. डी नॉर्मल असताना मुडदूस कसा? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे तोवर जीव थाऱ्यावर नाही.

सिंहगड_रोड
ताई, घाबरू नका. आमच्या पुतणीला पण होतं. रोज सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बसवा, तेल लावून. फ्लॅटमधल्या मुलांना ऊनच मिळत नाही हे खरं कारण. आणि साठ हजारची पावडर अजून चालू ठेवा, डी कितीही घेतलं तरी बाधत नाही.

निवृत्त_मास्तर
माझ्या गुडघ्याचा एक्सरे काढला तर डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालीये, म्हणून दुखतं. तुमच्या मुलाची गॅप रुंद आहे म्हणजे तर चांगलंच नाही का? उगाच काळजी करताय असं वाटतं.

क्षकिरण
मी रेडिऑलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे एक्सरे रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

मास्तर, तुमची गॅप म्हणजे दोन हाडांच्या मधली, सांध्यातली. चिकूची गॅप एकाच हाडात आहे, टोकाच्या थोडी आत, जिथे हाड लांबीला वाढतं. तिथे कूर्चा असते आणि कूर्चा एक्सरेत दिसत नाही म्हणून काळा पट्टा दिसतो. वाढताना कूर्चेच्या पेशी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी चुना बसून हाड होतं. मुडदुसात त्या मरतच नाहीत, नुसत्या साचत जातात, म्हणून पट्टा रुंद. आणि चुना न बसलेलं मऊ टोक दाबाने पसरतं आणि मधोमध खोलगट होतं, बशीसारखं, त्यालाच कपिंग म्हणतात. कडा कुरतडल्यासारखी दिसते ते फ्रेइंग. मनगट आणि गुडघाच का काढतात तर हाडं तिथे सगळ्यात जोरात वाढतात, अल्ना तर जवळजवळ सगळी मनगटाकडूनच वाढते, त्यामुळे बिघाड तिथे आधी दिसतो.

आता ताईंचा प्रश्न. त्या पेशी मरायला फॉस्फरस लागतो. डी कमी झालं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग पॅराथायरॉईड हॉर्मोन म्हणजे पीटीएच वाढतं, ते हाडातून कॅल्शियम ओढून रक्तातलं सांभाळून नेतं पण किडनीतून फॉस्फरस बाहेर टाकतं. म्हणून कॅल्शियम ८.९ बघून समाधान मानू नका. फॉस्फरस २.९ ला लॅबने लाल केलं नाही कारण त्यांनी मोठ्या माणसांची रेंज छापलीये, २.५ ते ४.५. या वयात साधारण चारच्या वर हवं. चिकूचं फॉस्फरस कमी आहे. अल्कलाईन फॉस्फटेज मुलांचं तसंही जास्तच असतं, पण ८९० खरंच वाढलेलं.

डी ३१ आलं ते पावडरीनंतर. रक्तातली पातळी लवकर चढते, हाड मागाहून येतं. त्यामुळे आधी किती होतं ते आता कळणार नाही, पण खूप कमी असणं शक्य आहे. पीटीएच केलंय का?

सिंहगड रोड, फ्लॅट आणि ऊन हे बरोबर, पण सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. सूर्य वर हवा, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा. खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. आणि डी बाधतं, कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीत खडे. पावडर आपल्या मनाने चालू ठेवू नका.

चिकूची_आई
पीटीएच सांगितलं होतं, आज आलं, १६८, रेंज १५ ते ६५. क्रिएटिनिन नॉर्मल. म्हणजे काय?

क्षकिरण
म्हणजे आहारातला मुडदूस, डी किंवा कॅल्शियम किंवा दोन्ही कमी, याकडे झुकतं. दुसरा एक जन्मजात प्रकार असतो, किडनीतून फॉस्फरस आपोआप गळतो, त्यात पीटीएच बहुतेक नॉर्मल किंवा जरासंच वाढलेलं असतं आणि नुसत्या डीने एक्सरे सुधारत नाही. पण पीटीएचवरून शंभर टक्के सांगता येत नाही, औषधाला हाड काय उत्तर देतं तेच खरं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सल्ल्यात या वयाला रोज ३००० ते ६००० युनिट डी किमान तीन महिने आणि सोबत रोज ५०० मिग्रॅ कॅल्शियम, औषध आणि आहार मिळून, असं आहे. पण पावडरीचे डोस आधीच गेलेत त्यामुळे पुढे किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. कॅल्शियम मात्र नक्की विचारा, बऱ्याचदा नुसतं डी लिहून दिलं जातं आणि मूल दूध घेत नसेल तर चुना येणार कुठून.

अन्नपूर्णा_कोथरूड
दूध घेत नसेल तर नाचणीचं सत्त्व द्या, दह्यात कालवून. नाचणीत कॅल्शियम खूप असतं.

क्षकिरण
असतं, पण नाचणीतल्या फायटेटमुळे सगळं शोषलं जात नाही. भिजवून मोड आणून केलेलं सत्त्व त्यातल्या त्यात बरं. दही तर छानच, पण या पीटीएचला नुसत्या आहारावर थांबू नये.

सिंहगड_रोड
बरं झालं सांगितलंत, सात वाजताचं मला आजीने सांगितलेलं, आम्ही सगळे तेच करत आलो. पाय सरळ व्हायला बूट-पट्टे लावायचे का पण? पुतणीला लावले होते.

क्षकिरण
याबद्दल हाडांचे डॉक्टर आपापसात एकमताचे नाहीत. मुडदूस भरत असताना बहुतेक मुलांचे पाय आपले आपण सरळ होतात, पण वर्ष-दोन वर्षं लागतात. आधी रक्त आणि एक्सरे सुधारूदे, मग बघता येतं. शिवाय दोन वर्षांपर्यंत थोडे बाहेर वाकलेले पाय निरोगी मुलांचेही असतात, त्यामुळे नुसत्या पायांवरून काही ठरवू नका.

चिकूची_आई
बरं. पुन्हा एक्सरे कधी आणि त्यात काय बघायचं? सारखे एक्सरे द्यायची भीती वाटते.

क्षकिरण
मनगट आणि गुडघ्याला किरण फार थोडे लागतात, त्याची भीती नको. औषध लागू पडलं तर साधारण तीन-चार आठवड्यांत खोलगट टोकाच्या पुढे एक पांढरी रेघ उमटते, मूळ हाडापासून थोडी सुटी, मधे काळं राहतं. तो चुना बसायला लागल्याची खूण. मग मधली जागा भरत जाते. पावडर आधीच झालीये, तर ती रेघ तुमच्या आत्ताच्याच फिल्मवर असू शकते, रिपोर्टमध्ये लिहिलेली नाही. डॉक्टरांना फिल्म दाखवून तेवढं विचारा. आणि तीन महिने डी-कॅल्शियम नीट घेऊनही रेघ आली नाही तर लघवीतला फॉस्फरस तपासायला सांगा, डोस वाढवत बसू नका.

चिकूची_आई
फिल्म उजेडाला धरून बघितली, अल्नाच्या टोकाला काहीतरी पुसट पांढरं आहे असं वाटतंय, की मलाच तसं दिसावं असं वाटतंय कळत नाही. सोमवारी दाखवून इथेच लिहिते.