सावळी त्वचा आणि हनुवटीचे केस

>> रंग सावळा आहे, हनुवटीवर राठ केस येतात. लेझरच्या सहा सिटिंगमध्ये कायमचे जातील का?

कायमचे नाही, पण बरेच कमी होतील. केसातला काळा रंग लेझरचा प्रकाश शोषून मूळ तापवतो, म्हणून काळ्या राठ केसांवर लेझर चांगला चालतो, पांढऱ्यावर अजिबात नाही. हनुवटीवर पांढरे डोकावू लागले असतील तर उशीर करू नका. सावळ्या कातडीतही तोच रंग असतो, त्यामुळे चटका बसून डाग पडण्याची भीती खरी आहे. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग मशीन आहे का, हे आधी विचारा. ते आपल्या रंगाला जास्त सुरक्षित. कानामागे किंवा जबड्याखाली टेस्ट पॅच मागाच.

माझ्या जावेने लातूरला केलं. तिला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा त्रास, आहे. दर महिना-सव्वा महिन्याने एक, अशा आठ सिटिंगनंतर रोजचं उपटणं थांबलं, पण वर्षातून एकदोनदा टचअप लागतोच, कारण हार्मोन्स नवे केस जाडे करत राहतात. तिने गालावरच्या मऊ लवेलाही लेझर मागितला, तर डॉक्टरांनी नकार दिला: तिथे कधीकधी केस कमी होण्याऐवजी वाढतात. हे पॅकेज विकणारे सांगत नाहीत.

मधल्या काळात थ्रेडिंग-वॅक्स बंद, मूळच उपटलं तर लेझर कशावर चालणार? रेझर चालतो. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर करू नका, दिवाळीनंतर सुरू करा. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएसची तपासणी, मग लेझरवर पैसे.