मदत हवी आहे: साध्वीजींच्या फोटोतील मुहपत्ती

एका स्थानकवासी जैन कुटुंबाने दिवंगत साध्वीजींचा जुना फोटो दुरुस्तीसाठी दिला असून, चेहरा पूर्ण दिसावा म्हणून पुतण्याने तोंडावरची पांढऱ्या कापडाची पट्टी, म्हणजे मुहपत्ती, काढायला सांगितली आहे. बोलताना वायुकायिक, म्हणजे हवा हेच शरीर असलेल्या, जीवांची हिंसा होऊ नये म्हणून त्यांनी ती बांधलेली. ती पुसली, तर त्यांनी व्रत मोडल्याचेच चित्र उभे राहील, शिवाय खालचे ओठ मला कल्पनेनेच रंगवावे लागतील. म्हणून मी नकार देऊन दीक्षेपूर्वीचा फोटो मागितला आहे.

आता अडचण मुहपत्तीच्या कानाकडे जाणाऱ्या पुसट दोऱ्याची आहे. हीलिंग ब्रशने कडेला त्वचेचा रंग पांढऱ्या कापडात मिसळतो. वेगळ्या लेयरवर, कापडापुरते सिलेक्शन करून क्लोन केल्यास दोरा नैसर्गिक दिसेल का? आणि अंतिम प्रत कुटुंबाआधी संघातील साध्वीजींना दाखवावी का?