पिशवीत क्लोराइड कमीच राहणार

“डायलिसिसच्या पिशवीत अल्ब्युमिन हे प्रथिन भरून ती मिठाच्या द्रावणात ठेवली. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही तिच्या पडद्यातून आरपार जातात, मग रात्रभर ठेवूनही पिशवीत क्लोराइड बाहेरच्यापेक्षा कमी का?”

आठवडाभर ठेवलं तरी तेवढंच राहील, कारण तोच समतोल आहे. पडद्याची भोकं छोटी म्हणून क्लोराइड अडतो, हा तर्क पटत नाही. क्लोराइड त्यातून सहज जातो. खरी अडचण आत अडकलेल्या अल्ब्युमिनच्या ऋणभाराची. तो फेडायला काही सोडियम आतच थांबावा लागतो. शिवाय आयन एकटा पडदा ओलांडून गेला तर भार साचतो, म्हणून मीठ जोडीनेच ये-जा करतं आणि दोन्हीकडे सोडियम गुणिले क्लोराइड हा गुणाकार सारखा झाला की थांबतं. समजा आत अल्ब्युमिन १ मिलिमोलर, प्रत्येक रेणूवर १० ऋणभार, आणि बाहेर मीठ १० मिलिमोलर. मग आत सोडियम १६.२, क्लोराइड ६.२ येतो. गुणाकार दोन्हीकडे १००.

आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये याचा खरा त्रास पीएचने दिला. हायड्रोजन आयनही सोडियमच्याच प्रमाणात आत जमतो, म्हणजे १.६ पट, पिशवीतला पीएच बाहेरच्या बफरपेक्षा ०.२ ने खाली. पातळ बफरमध्ये पीएच बाहेरून मोजून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ घाला, की आत सोडियम १५५, क्लोराइड १४५. फरक जेमतेम ३ टक्के. मीठ नको असेल तर ते अगदी शेवटी काढा, आणि पीएच पिशवीतलाच मोजा.