ओव्याने जंतू मरतात की नुसती कळ थांबते?

*सुनीता, ए ४०२ (सकाळी ७:१२)*
आज तिसरा दिवस. आधी ओंकार, काल मी. ए विंगमध्ये आणखी चार घरांत पोटं बिघडली आहेत. पाटील साहेब, टाकीचं काय झालं? मागच्यासारखं "बघतो" नको, प्लीज.

*नेने काका, बी १०१*
चमचाभर ओवा, चिमूट काळं मीठ, वर कोमट पाणी. ओव्यातलं थायमॉल जंतूंचं कवच फोडतं. गोळ्यांची गरजच नाही 🙏🙏

*पाटील (सेक्रेटरी)*
टाकीवाल्याला फोन झालाय. दर सहा महिन्यांनी सफाईचा ठराव मीच मांडला होता. खर्चाला कोण आडवं आलं ते मिनिट्समध्ये आहे. मी नाव घेत नाही.

*गोखले (खजिनदार)*
आडवा आलो नव्हतो. तीन कोटेशन मागितली होती. नियम आहे तो.

*रोहन, सी ५०१*
कोणीतरी या दोघांना ओवा द्या

*सुनीता, ए ४०२*
नेने काका, काल रात्री तुमचं ऐकून ओंकारला ओवा दिला. खोटं कशाला बोलू, अर्ध्या-पाऊण तासात कळ थांबली, पोरगं झोपलं. पण पहाटे चारपासून तीनदा पळाला. मग मेले की नाही जंतू?

*नेने काका, बी १०१*
मात्रा कमी पडली. दोन चमचे द्या. ओव्यातलं थायमॉल जंतूंचं कवच फोडतं.

*शिंदे मॅडम, ए १०३*
सुनीता, मात्रा वाढवू नकोस. नऊ वर्षांचा आहे तो. लघवी नीट होते आहे ना? ओआरएस चालू ठेव, प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं. नेने साहेबांचं वाक्य चूक नाही, पण ते परीक्षानळीतलं आहे, पोटातलं नाही. सविस्तर लिहिते, चहा घेऊन.

*माने वहिनी, बी २०४*
गेटजवळ मी लावलेला ओवा आहे, कोणीही पानं न्या. भजी पण छान होतात 😊

*शिंदे मॅडम, ए १०३*
वहिनी, तो पानओवा. वास सारखा, पण झाड वेगळं. इथे विषय मसाल्याच्या डब्यातल्या बियांचा.

*गोखले (खजिनदार)*
आणि त्या कुंडीचं पाणी आमच्या स्कूटरवर गळतं, तेही एकदा बघा.

*शिंदे मॅडम, ए १०३*
आता ऐका. जंतूच्या पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुहेरी थर. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र सहज, म्हणून ते त्या थरात जाऊन बसतं आणि थर सैल पडतो. आपल्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. जंतू पंप लावून आवरणाबाहेर हायड्रोजनचे आयन साठवतो आणि ते परत आत येताना त्यांच्या दाबावर ऊर्जा तयार करतो. थायमॉलने टाकीच्या तळाला भेगा पडतात. पंप चालूच, पण दाब टिकत नाही. वर आतलं पोटॅशियमही बाहेर गळतं. जंतू मरतो तो असा.

*नेने काका, बी १०१*
हेच तर मी म्हणतोय सकाळपासून!

*शिंदे मॅडम, ए १०३*
थांबा, हिशेब राहिलाय. चमचाभर ओवा साधारण २ ग्रॅम. त्यात ३ टक्के तेल धरू, म्हणजे ६० मिलिग्रॅम. तेलात निम्मं थायमॉल धरलं तर ३०. सगळं उतरलं असं मानलं तरी एवढंच. प्रत्यक्षात उकळताना बरंच वाफेबरोबर उडतं. किचनभर वास सुटतो ना, तेच ते.
ई. कोलायसारखा जंतू प्रयोगशाळेत रोखायला दर लिटरला काहीशे मिलिग्रॅम थायमॉल लागतं. आपल्या आतड्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून रोज सात-आठ लिटर द्रव येतो. त्यात हे ३० मिलिग्रॅम. शिवाय थोडं जेवणातल्या तुपातेलात अडकतं आणि बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं, मग यकृत त्याला सल्फेट जोडून लघवीवाटे काढून टाकतं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं किती?

*रोहन, सी ५०१*
म्हणजे ओवा जंतूंपर्यंत पोचायच्या आधीच रिटायर

*सुनीता, ए ४०२*
मग कळ का थांबली मॅडम? थांबली होती हे नक्की.

*शिंदे मॅडम, ए १०३*
हा खरा प्रश्न. कळ म्हणजे आतड्याच्या स्नायूचा पिळा. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. थायमॉल ते शिरण्याची दारं अर्धवट मिटतं, म्हणून पिळा सुटतो. याला लागणारं प्रमाण जंतू रोखण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि ओवा गिळला की जठर आणि वरच्या आतड्यातच ते सगळ्यात दाट असतं.
कॉलेजात आम्ही आतड्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा ३७ अंशांच्या मिठाच्या द्रावणात दोऱ्याने टांगायचो. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम हळूहळू फिरायचा. ॲसिटिलकोलिनचा थेंब टाकला की तुकडा आखडायचा आणि सुई काजळीवर उंच रेघ ओढायची. स्नायू सैल करणारं औषध आधी घातलं की त्याच थेंबाला रेघ बुटकी यायची. ओव्याचा अर्क त्याच जातीचा.
तर काल ओंकारचा पिळा सुटला, जंतू जागेवर राहिले. कळ गेली म्हणजे आजार गेला असं धरू नका.

*गोखले (खजिनदार)*
मला जेवणानंतर ओव्याने उलट जळजळ वाढते. बायको म्हणते मनाचे खेळ.

*शिंदे मॅडम, ए १०३*
मनाचे नसतील. जठराच्या तोंडाशी असलेली झडप हाही स्नायूच. ती सैल पडली की आम्ल वर येतं. ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी ओवा जपून खावा. वहिनींना हा मेसेज दाखवा.

*नेने काका, बी १०१*
इंग्रजांच्या काळी डॉक्टर जंतावर थायमॉलच देत. माझ्या आजोबांनी घेतलंय. यावर काय म्हणणं आहे?

*शिंदे मॅडम, ए १०३*
खरंय. अंकुशकृमीवर देत. १९०९ नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात तर त्याची मोठी मोहीमच झाली. पण तिथे शुद्ध थायमॉल, तेही ग्रॅममध्ये. दोन ग्रॅम म्हणजे आपले पासष्टेक चमचे ओवा. मागोमाग जुलाबाचं मीठ, आणि त्या दिवशी तूप, तेल, दारू बंद, कारण त्यात विरघळून ते रक्तात गेलं की विषबाधा. ते औषध मागे पडलं ते उगाच नाही.

*रोहन, सी ५०१*
दारू बंद म्हटल्यावर सी विंगचा पाठिंबा गेला

*नेने काका, बी १०१*
ओव्यातलं थायमॉल जंतूंचं कवच फोडतं. अनुभव आहे आमचा. बाकी चालू द्या.

*सुनीता, ए ४०२*
काका, राग नका मानू. तुमच्यामुळे पोरगं चार तास झोपलं, ते मी विसरणार नाही.

*शिंदे मॅडम, ए १०३*
वाऱ्याने, जडपणाने पोट धरलं असेल तर ओवा खुशाल घ्या, मीही घेते. पण शौचातून रक्त, ताप, लघवी कमी, किंवा बेंबीशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर ओवा देऊन वाट बघायची नाही. दवाखाना. पाटील, टाकीचा गाळ काढून क्लोरीन घाला आणि नळाला तपासा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक मिळायला हवं.

*पाटील (सेक्रेटरी)*
दुपारी २ ते ६ पाणी बंद. भरून ठेवा, उकळून प्या. सायंकाळी तपासणीचा फोटो टाकतो.

*रोहन, सी ५०१*
मॅडम, सहज विचारतो. सरळ टाकीतच ओवा टाकला तर?

*शिंदे मॅडम, ए १०३*
टाकी १०,००० लिटरची. लिटरला ३०० मिलिग्रॅम धरलं तर ३ किलो थायमॉल. म्हणजे २०० किलो ओवा.

*गोखले (खजिनदार)*
तीन कोटेशन लागतील.