मदत हवी आहे: चार तिमाह्यांचा रोडमॅप एकाच स्लाइडवर

आमच्या गोदामात नवी बिलिंग सिस्टीम येतेय. एप्रिल ते मार्च असा वर्षभराचा आराखडा साहेबांना एकाच स्लाइडवर हवाय. पॉवरपॉइंटची नेहमीची १३.३३ इंची रुंद स्लाइड आहे. डावीकडे विभागांच्या नावांना २ इंच आणि थोडा समास सोडला की महिन्याला ०.९ इंच मिळतात, म्हणजे तिमाहीला २.७. पट्ट्या या हिशोबाने काढल्यात: डेटा मायग्रेशन १ जून ते १५ ऑगस्ट, अडीच महिने, २.२५ इंच. इथवर ठीक.

घोळ पुढे होतो. खाली टेबल आणि वर आकार ठेवलेत. एखाद्या विभागाचं नाव दोन ओळींत गेलं की रांग उंच होते, पण पट्ट्या जागच्या हलत नाहीत, आणि टेस्टिंगची पट्टी ट्रेनिंगच्या रांगेत दिसते! स्टॅक्ड बार चार्टही करून पाहिला, पहिल्या सिरीजला No Fill देऊन. तारखा बदलणं सोपं झालं, पण गो-लाइव्हचा हिरा नेमक्या तारखेवर बसवणं जिकिरीचं.

दुसरं म्हणजे पहिल्या दोन तिमाह्यांच्या तारखा पक्क्या आहेत, त्यापुढचं सगळं अंदाजे. दोन्हीकडे सारख्याच ठसठशीत पट्ट्या दिल्या की मीटिंगमध्ये अंदाजच वचन ठरतो, हा अनुभव सगळ्यांनाच असेल. तुटक कडा, फिका रंग, की तिथे पट्टीच न काढता नुसतं काम लिहायचं? प्रोजेक्टरवर फिका रंग उडतो, म्हणून विचारतोय.

आणि टेबलऐवजी नुसत्या रेषा स्लाइड मास्टरवर टाकून कोणी काम करतं का?