मदत हवी आहे: √x ला सिम्पसन लावायचा तर n किती? एररचं सूत्र ‘अनंत’ सांगतंय

फतेगंज_रूम१२
नमस्कार मंडळी. बडोद्यात बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे. न्यूमरिकलच्या असाइनमेंटमध्ये दोन इंटिग्रल दिलेत, दोन्ही ० ते १. टॉलरन्स ०.०००१. ट्रॅपेझॉइडल आणि सिम्पसनला किमान किती भाग लागतील ते काढायचंय.

पहिलं e^(-x²) होतं, ते जमलं. ही सूत्रं वापरली:

```
ट्रॅपेझॉइडल:  |E| ≤ (b-a)^3 · M2 / (12 n^2)
सिम्पसन:      |E| ≤ (b-a)^5 · M4 / (180 n^4)
```

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कमाल किंमत २ आली, चौथ्याची १२, दोन्ही x = 0 ला. म्हणजे ट्रॅपेझॉइडलला ४१ भाग. सिम्पसनला ५.०८ येतं, पण n सम हवा म्हणून ६.

अडलोय दुसऱ्यापाशी. √x चं चौथं डेरिव्हेटिव्ह `-(15/16) x^(-7/2)`. शून्यापाशी ते अनंताला जातं, मग M4 घ्यायचा कुठून? सूत्राप्रमाणे n अनंत लागेल. पण उत्तर तर २/३ आहे, आणि n ४ घेऊन सिम्पसन केला तर ०.६५६५२६ मिळतं, म्हणजे अगदीच वाईट नाही. मी ‘सिम्पसन लागू होत नाही’ असं लिहून मोकळा होणार होतो, रूममेट म्हणाला लिहू नकोस. सोमवारी वही द्यायचीय.

पुलाखालून
आम्ही सिव्हिलवाले. विश्वामित्रीच्या पात्राचा छेद घेतो तेव्हा दर दोन मीटरवर खोली मोजतो आणि सिम्पसन लावतो. सतरा रीडिंग असतात. n आम्ही निवडत नाही, पट्टी जिथे पोहोचली तिथे n. तुझ्या हिशोबाने मग n १७ झाला, तो विषम. म्हणजे सिम्पसन चालणारच नाही का? इतकी वर्षं आम्ही चुकतोय?

फतेगंज_रूम१२
काका, सतरा रीडिंग म्हणजे भाग सोळाच होतात, त्यामुळे तुमचं बरोबरच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, माझ्याकडे फंक्शन आहे.

दांडियाबाजार_कट्टा
सोपं आहे रे. शून्याजवळचा तुकडा कापून टाक. ० ते ०.००१ मधलं क्षेत्रफळ `(2/3)·(0.001)^1.5`, म्हणजे ०.०००००२१ च्या आसपास. टॉलरन्सपुढे ते काहीच नाही, सोडून दे. उरलेल्या ०.००१ ते १ वर M4 सापडतो, सूत्रात टाक, n काढ. झालं.

फतेगंज_रूम१२
दादा, कापलेला तुकडा ०.००००२१ येतोय, तुमचं एक शून्य जास्त पडलं. तरी टॉलरन्समध्ये बसतो. पण ०.००१ ला M4 जवळजवळ ३ × १०^१० निघाला! उरलेल्या ०.००००७९ मध्ये एरर बसवायची तर n सुमारे १२०० येतोय. वहीत १२०० लिहू?

दांडियाबाजार_कट्टा
शून्याचं खरंय, घाईत लिहिलं. पण १२०० चुकीचं नाही ना? हमी तर मिळाली.

जुना_खडू
हमी मिळाली हे खरं, कट्टावाल्यांची रीत खोटी नाही. पण अरे, प्रश्नात ‘किमान’ हा शब्द आहे. १२०० आणि किमान यांचा इथे काही संबंध नाही.

आधी तुझ्या पहिल्या गणिताकडे बघू, कारण तिथेही एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. e^(-x²) ला तू सिम्पसनचे ६ भाग काढलेस. मी आत्ता ४ भाग घेऊन केलं तर ०.७४६८५५ आलं. खरी किंमत ०.७४६८२४. एरर ०.००००३१, म्हणजे ४ भागांतच काम झालं होतं. सूत्र मात्र ४ भागांना ०.०००२६ एवढी एरर सांगतं. असं का? सूत्र चौथ्या डेरिव्हेटिव्हची सगळ्यात वाईट किंमत घेतं आणि ती पूर्ण अंतरभर आहे असं धरतं. प्रत्यक्षात ते शून्याला १२ असतं, पुढे उतरत जातं आणि मध्येच चिन्हही बदलतं. त्यामुळे बेरजेत बरंचसं एकमेकांत कटून जातं. कमाल किमतीऐवजी सरासरी धरायची असेल तर टोकांचं तिसरं डेरिव्हेटिव्ह पुरतं:

```
E ≈ (h^4 / 180) · [ f'''(b) - f'''(a) ]
```

इथे `f'''(1) = 4/e` आणि `f'''(0) = 0`. h ०.२५ घालून बघ, ०.००००३२ येतं. जवळपास नेमकी खरी एरर. ट्रॅपेझॉइडललाही अशाच हिशोबाने ४१ ऐवजी २५ भाग पुरतात. मात्र हा अंदाज आहे. हमी ४१ आणि ६ चीच. वहीत कोणता आकडा कशासाठी लिहिलास ते स्पष्ट लिही.

आता √x. सूत्र अनंत सांगतं म्हणजे सिम्पसन मोडतो असं नव्हे. सूत्राला चौथं डेरिव्हेटिव्ह हवं आणि ते इथे नाही, एवढंच. एरर कमी होत जाते, फक्त n^4 च्या वेगाने होत नाही. तो वेग किती ते n दुप्पट करून स्वतःच बघ.

फतेगंज_रूम१२
केलं सर.

```python
from math import sqrt
def simpson(f, a, b, n):
    h = (b - a) / n
    s = f(a) + f(b)
    for i in range(1, n):
        s += (4 if i % 2 else 2) * f(a + i*h)
    return s * h / 3
for n in (4, 8, 16, 32):
    S = simpson(sqrt, 0, 1, n)
    print(n, round(S, 6), round(2/3 - S, 6))
```

```
4  0.656526  0.010141
8  0.663079  0.003587
16 0.665398  0.001268
32 0.666218  0.000448
```

दर वेळी एरर २.८३ पटीने घटतेय. १६ पटीने घटायला हवी होती ना? आणि ट्रॅपेझॉइडललाही साधारण असाच आकडा येतोय, तिथे ४ हवा होता.

जुना_खडू
२.८३ म्हणजे `2^1.5`. एरर `h^1.5` प्रमाणे जातेय. पहिल्याच पट्ट्यात √x शून्यापासून सरळ उभा उठतो आणि सिम्पसनचा पॅराबोला तसा उभा उठू शकत नाही. बाकी सगळ्या पट्ट्यांची एरर मिळून जेवढी होते त्यापेक्षा त्या पहिल्याची जास्त. म्हणून दोन्ही नियमांचा वेग सारखाच पडला. सिम्पसन पुढे आहे तो फक्त आधीच्या गुणकामुळे.

आता n काढ. तुझ्या तक्त्यावरून गुणक ०.०८१२ आहे (n ८ ला `h^1.5` म्हणजे ०.०४४२, त्याने ०.००३५८७ ला भाग). `0.0812 · h^1.5 ≤ 0.0001` सोडव. n ८७ च्या थोडा वर जातो, सम घेतला तर ८८. ८६ ला एरर ०.०००१०२ येते, ८८ ला ०.००००९८. ट्रॅपेझॉइडलचा गुणक ०.२०८, तिथे साधारण १६२ लागतील.

रावपुरा_कोडर
एवढा खटाटोप कशाला? n आणि 2n ची उत्तरं वजा करायची, १५ ने भागायचं, ती एरर. टॉलरन्सखाली गेली की थांबायचं. मी नेहमी असंच करतो, कधी अडलं नाही.

जुना_खडू
तो १५ कुठून येतो? १६ वजा १. म्हणजे एरर १६ पटीने घटते असं आधीच धरलंय. वरच्याच तक्त्यावर चालवून बघा. १६ आणि ३२ मधला फरक ०.०००८२०, १५ ने भागला तर ०.००००५५. तुमचा प्रोग्रॅम ३२ वर खुशाल थांबेल. खरी एरर मात्र ०.०००४४८, टॉलरन्सच्या साडेचार पट. इथे भागायचं १.८३ ने, म्हणजे २.८३ वजा १.

रावपुरा_कोडर
च्यायला. मग आधी कसं कळणार की १५ चालेल की नाही?

जुना_खडू
दोन नव्हे, तीन उत्तरं घ्या: n, 2n, 4n. पहिला फरक भागिले दुसरा फरक. १६ च्या जवळ आलं तर १५ ने भागा. वर ४, ८, १६ घेतलं तर ०.००६५५३ भागिले ०.००२३१९, म्हणजे २.८३. तिथेच सावध व्हायचं. खरं उत्तर माहीत नसलं तरी हे करता येतं.

पुलाखालून
म्हणजे माझ्या सोळा भागांवरही हे होईल? एकाआड एक रीडिंग सोडून आठ, मग चार?

जुना_खडू
होईल, सोळाला चारने भाग जातो हे तुमचं नशीब. पण नदीचा तळ काही पॅराबोला नसतो. गुणोत्तर १६ येईल अशी आशा ठेवू नका. आणि काठ जिथे खडा चढतो तिथे जवळजवळ रीडिंग घेतली तर सूत्रातल्या कसरतीपेक्षा जास्त फायदा. त्या भागाला मग वेगळा h धरावा लागेल, एवढं लक्षात ठेवा.

पुलाखालून
काठालाच चिखल असतो हो, तिथे पोरं उतरत नाहीत. बघतो. जुनी वही काढून तीन आकडे टाकतो इथे.

मराठी_शाळा_बाई
x = t² का नाही घालत? √x dx चं `2t² dt` होतं. सिम्पसन तिसऱ्या घातापर्यंत नेमकं उत्तर देतो, म्हणजे n दोनच पुरे: `(1/6)(0 + 4·0.5 + 2) = 2/3`. संपलं गणित!

फतेगंज_रूम१२
बाई, भारी आहे हे! पण प्रश्नात ‘दिलेल्या इंटिग्रलला’ असं लिहिलंय. बदललं तर चालेल का ते विचारावं लागेल. आणि खडू सर, एक शंका. ८८ हे मी तक्त्यातला गुणक बघून काढलं. सर म्हणाले ‘सिद्ध कर’ तर?

जुना_खडू
रास्त शंका आहे. सिम्पसनच्या ८८ साठी माझ्याकडे वहीत मावेल अशी छोटी सिद्धता नाही. ट्रॅपेझॉइडलला मात्र एक पळवाट आहे. √x चा आलेख वरच्या अंगाला फुगलेला आहे, त्यामुळे जीवा कायम त्याच्या खाली राहते. म्हणजे ट्रॅपेझॉइडलचं उत्तर नेहमी कमी. मिडपॉइंट नियमाचं नेहमी जास्त, कारण स्पर्शिका वरून जाते. खरी किंमत या दोघांच्या मध्ये अडकली. दोघांतला फरक ०.०००१ च्या खाली गेला की हमी पक्की, आणि एकही डेरिव्हेटिव्ह लागत नाही. n २०० ला तो फरक ०.००००९३ च्या आसपास येतो.

दांडियाबाजार_कट्टा
म्हणजे हमीसकट २००. माझे १२०० सिम्पसनचे होते, हे ट्रॅपेझॉइडलचे. हरलो म्हणायचं का नाही?

जुना_खडू
तुमच्या रीतीत एक बदल करा. ०.००१ च्या पुढचा तुकडा एकाच h ने कापू नका. ०.००१ ते ०.०१, मग ०.१, मग १, असे तीन तुकडे आणि प्रत्येकाला वेगळा n. M4 प्रत्येक तुकड्यावर वेगळा निघेल. किती येतो ते तुम्हीच काढा, मी आता जेवायला बसतोय.

फतेगंज_रूम१२
वहीत सध्या असं लिहितोय: सूत्र लागू नाही, कारण M4 अस्तित्वात नाही. मोजून सिम्पसनला ८८. हमी हवी तर ट्रॅपेझॉइडल आणि मिडपॉइंट मिळून २००. बाईंची युक्ती शेवटी वेगळी. कट्टावाले दादा, तीन तुकड्यांचं आलं की टाका, रविवार रात्रीपर्यंत जागाच आहे.

दांडियाबाजार_कट्टा
पहिल्याच तुकड्याला ४ की ६ यावर अडलोय. तुकड्यांमध्ये टॉलरन्स समान वाटायचा की नाही?