मदत हवी आहे: मीटर ब्रिजमध्ये R वाढवला की X पण वाढतोय

इंदूरी_बारावी

नमस्कार. मी इंदूरची, बारावी सायन्स. शाळा हिंदीतली, घर मराठी, त्यामुळे काही शब्द इकडचे तिकडचे होतील, सांभाळून घ्या. शनिवारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे आणि माझी मीटर ब्रिजची फाइल अडकली आहे.

दिलेल्या तारेचा रेझिस्टन्स काढायचा आणि त्यावरून रेझिस्टिव्हिटी. रेझिस्टन्स बॉक्स डाव्या गॅपमध्ये, तार उजव्या गॅपमध्ये, l डाव्या टोकापासून. सूत्र X = R(100 − l)/l. नंतर गॅप अदलाबदल करून परत रीडिंग घेतले, तेव्हा l तारेच्या बाजूने मोजला आणि X = R·l/(100 − l) वापरलं.

| R (Ω) | l, आधी (cm) | X (Ω) | l, अदलाबदलीनंतर (cm) | X (Ω) |
|---|---|---|---|---|
| 2 | 33.8 | 3.92 | 66.0 | 3.88 |
| 3 | 42.7 | 4.03 | 57.2 | 4.01 |
| 4 | 49.4 | 4.10 | 50.6 | 4.10 |
| 5 | 54.7 | 4.14 | 45.4 | 4.16 |
| 6 | 59.0 | 4.17 | 40.9 | 4.15 |

पहिल्या सेटची सरासरी 4.07. तारेची लांबी 99.0 cm, स्क्रू गेजने जाडी 0.38 mm (झीरो एरर वजा करून). रेझिस्टिव्हिटी आली 46.6 × 10⁻⁸ Ω m.

तार तीच, मग X एकसारखा का येत नाही? आणि वर-खाली झाला असता तर चाललं असतं, हा तर R बरोबर वाढतच चाललाय. सर म्हणाले "एक्सपेरिमेंटल एरर लिख दो". शिवाय तार कशाची आहे तेही लिहायचंय. मँगनीन लिहू की कॉन्स्टंटन?

पोहे_विथ_सेव

एंड एरर आहे, दुसरं काही नाही. तांब्याच्या पट्टीला तार जिथे डाखलेली असते तिथे थोडा जास्तीचा रेझिस्टन्स असतो, तो स्केलवर मोजला जात नाही. त्यासाठीच तर गॅप अदलाबदल करतात. दोन्ही सेटची सरासरी काढ आणि मोकळी हो.

बडोद्याचा_बाबा

आमच्या मुलाचंही हेच चाललंय, वडोदऱ्यात आहोत. त्याचा काटा कुठेही जॉकी ठेवली तरी उजवीकडेच जातो, बॅलन्स पॉइंट मिळतच नाही. सेल नवा घेतला तरी तेच. तुम्हीही सेल बदलून बघा, जुना असेल तर रीडिंग सरकत असेल.

लॅबवाले_काका

मी इंदूरच्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये बरीच वर्षं होतो, हे बोर्ड हातातून पुष्कळ गेलेत. एकेकाचं बघू.

बाबा, तुमची गोष्ट वेगळी आहे. जॉकी आधी एका टोकाला टेकवा, मग दुसऱ्या टोकाला. काटा दोन्हीकडे एकाच बाजूला जात असेल तर एखादी भुजा तुटलेली आहे, म्हणजे गॅपमधला स्क्रू सैल किंवा वायर आतून तुटलेली. सेल बदलून ते जाणार नाही. आणि सेल उतरला म्हणून बॅलन्स पॉइंटही सरकत नाही, काटा फक्त सुस्त हलतो.

आता मुली, तुझं. एंड एररमुळे जे होतं ते तुझ्या टेबलात नाहीच. टोकांना जास्तीचा रेझिस्टन्स असला की R लहान असताना X जास्त येतो आणि R वाढवत नेलं की उतरत जातो. तुझा चढतोय. आणि अदलाबदलीनंतरचे आकडे आधीच्यांना 0.04 च्या आत जुळतात, म्हणजे ब्रिज बरा आहे. शिवाय टोकांचा दोष साधारण अर्धा सेंटीमीटरच्या घरात असतो, तेवढ्याने 3.92 चं 4.17 होत नाही.

R लहान असताना X कमी पडतो याचा अर्थ R च तू समजतेस त्यापेक्षा मोठा आहे. बॉक्सवर 2 दिसतंय, खरं आहे 2 आणि वर थोडं. ते 'थोडं' 2 वर जड पडतं, 6 वर हलकं, म्हणून X हळूहळू खऱ्या किमतीकडे सरकतो. आणि गॅप बदलली तरी हा दोष बॉक्सबरोबरच फिरतो, म्हणून पोहेवाल्यांची सरासरी इथे काही कामाची नाही.

आकडा काढूनच बघ. जास्तीचा भाग r धर. पहिल्या ओळीत (100 − l)/l म्हणजे 66.2/33.8 = 1.959. शेवटच्या ओळीत 41.0/59.0 = 0.695. तार दोन्हीकडे तीच, म्हणून

1.959 (2 + r) = 0.695 (6 + r)

यातून r सुमारे 0.2 Ω येतो आणि X सुमारे 4.31. आता मधली ओळ पडताळून बघ: 50.6/49.4 × 4.2 = 4.30. जुळतंय की.

पोहे_विथ_सेव

काका, पण 0.2 बॉक्समध्ये येणार कुठून? तो तर फॅक्टरीतून कॅलिब्रेट होऊन येतो.

लॅबवाले_काका

आतल्या कॉइल बरोबरच असतात, भिया. अडचण प्लगची. 2 चा प्लग काढला तरी बाकीचे सगळे खोचलेले राहतात, आणि करंट त्या सगळ्यांतून एकापाठोपाठ एक जातो. प्लग शंकूसारखा, भोक पितळेच्या दोन ठोकळ्यांमध्ये. प्लगवर काळपट थर बसला किंवा नुसता वरून टेकवला, घट्ट पिळला नाही, की प्रत्येक जागी थोडा थोडा रेझिस्टन्स साचतो. शाळेतले बॉक्स पावसाळाभर कपाटात पडलेले असतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. सगळे प्लग आत घाल, म्हणजे R शून्य. बॉक्स डाव्या गॅपमध्ये, तार उजव्यात. बॅलन्स पॉइंट आता डाव्या टोकालाच, शून्याजवळ यायला हवा. तुझ्या बॉक्समध्ये 0.2 Ω लपलेला असेल तर तो चार-साडेचार सेंटीमीटरवर येईल. तिथे जॉकी धरून ठेव आणि मैत्रिणीला एकेक प्लग दाबायला सांग. ज्याच्यावर काटा थरथरला तो चोर.

मग सगळे प्लग काढ, रेगमालने अलगद घास, कोरड्या कपड्याने पूस, भोकंही पूस, आणि बसवताना दाबून पिळ. तारेची टोकंही घासायला विसरू नकोस. तिथली घाण X मध्येच मिळून जाते आणि टेबलात कुठेच दिसत नाही.

ग्वाल्हेरची_मावशी

एवढी खटपट कशाला? आमच्या वेळी 4.10 मध्ये धरायचो आणि बाकीचे l मागून काढून भरायचो. फाइल सुंदर दिसायची.

लॅबवाले_काका

मावशी, परीक्षक टेबल बघून 'पाचही वेळा 4.10?' असं विचारतो तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

इंदूरी_बारावी

काका, आज लॅब मिळाली! R शून्य ठेवून जॉकी फिरवली, बॅलन्स 4.5 cm वर आला. मैत्रीण प्लग दाबत गेली. वीसवाल्या दोनपैकी एकावर काटा तीन घरं सरकला. बाहेर काढला तर अर्ध्या भागावर चकाकी आणि अर्ध्यावर हिरवट थर. सगळे घासले, पिळून बसवले, तेव्हा शून्यावरचा बॅलन्स 0.8 cm वर आला. नवीन रीडिंग:

| R (Ω) | l (cm) | X (Ω) |
|---|---|---|
| 2 | 32.1 | 4.23 |
| 4 | 48.4 | 4.26 |
| 6 | 58.4 | 4.27 |

सरासरी 4.25. यावरून रेझिस्टिव्हिटी 48.7 × 10⁻⁸. मग कॉन्स्टंटनच ना? पुस्तकात 49 आहे.

एक चूकही झाली. घाईत जॉकी तारेवर घासत नेली, तर लॅबवाले भैया ओरडले.

लॅबवाले_काका

बरोबर ओरडले. घासली की तार त्या जागी बारीक होते, आणि मग सेंटीमीटरला सारखा रेझिस्टन्स हे गृहीतकच गेलं. उचलून टेकवायची. की पण टेकवण्यापुरतीच लावायची, नाहीतर तार तापते. हे दोन आणि प्लग पिळणं, सावधानीच्या रकान्यात एवढं लिहिलंस तरी ते तुझ्या हातून घडलेलं असेल, पाठ केलेलं नाही.

कॉन्स्टंटनबद्दल मात्र थांब. जाडी परत किती वेळा मोजलीस?

इंदूरी_बारावी

पाच ठिकाणी. तीनदा 0.38, दोनदा 0.37. सरासरीला 0.38 धरलं.

लॅबवाले_काका

हाच घोळ. 0.37 धरून तूच गणित कर, ρ = Xπd²/4L. येतील 46.2 × 10⁻⁸. मँगनीन 44 ते 48 च्या दरम्यान, कॉन्स्टंटन 49. स्क्रू गेजचं एक घर इकडे-तिकडे झालं की धातूच बदलतो, कारण जाडीचा वर्ग होतो आणि अडीच टक्क्यांची चूक पाच टक्के होते. ब्रिजवर तू X एका टक्क्यापर्यंत आणलास, पण आता अडथळा जाडीचा आहे. प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी मोज आणि 0.376 सारखी सरासरी येत असेल तर तशीच वापर, गोल करू नकोस. लांबीही दोन स्क्रूंच्या मधलीच घे, स्क्रूखाली दबलेली नाही.

पोहे_विथ_सेव

मग तार कशाची ते ठरवायचं कसं?

लॅबवाले_काका

रेझिस्टिव्हिटीवरून या उपकरणाने मी ठरवणार नाही. दुसरी एक युक्ती आहे. तारेचं एक टोक तांब्याच्या तारेला घट्ट पिळायचं. त्या तांब्याचं मोकळं टोक आणि आपल्या तारेचं दुसरं टोक, ही दोन्ही थेट गॅल्व्हनोमीटरला जोडायची. पिळलेला सांधा मेणबत्तीवर धरला की कॉन्स्टंटन असेल तर काटा काही घरं सरकतो. मँगनीन-तांबं जोडीत जवळजवळ काहीच होत नाही.

ग्वाल्हेरची_मावशी

शाळेत मेणबत्ती पेटवू देतील?

इंदूरी_बारावी

सरांना विचारलं, "परीक्षा के बाद" म्हणाले. फाइलमध्ये X 4.25 Ω, ρ 48.7 × 10⁻⁸ आणि जुनं टेबलही खोडून न टाकता वरच ठेवलंय, बाजूला r चं गणित. तारेचं नाव पेन्सिलने लिहिलंय.